मनातला आवाज बंद करू नका, त्याचं अडखळणं बंद करा

प्रश्न: सर, मी अहमदपूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता लातूरला खोली करून बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. इंग्रजी उतारा वाचताना प्रत्येक शब्द मनात म्हटला जातो, ओठपण हलतात, आणि एका उताऱ्याला चार-साडेचार मिनिटं जातात. व्हिडिओत सांगतात की मनातला आवाज बंद करा आणि एका नजरेत चार-पाच शब्द उचला. तसं केलं की वेग वाढतो, पण डोक्यात काहीच राहत नाही. नेमकं काय करू?

उत्तर: तुमच्या डोक्यात काही राहत नाही, कारण व्हिडिओतल्या दोन्ही सूचना डोळ्याच्या आणि भाषेच्या क्षमतेबाहेरच्या आहेत. त्यांत थोडं तथ्य आहे आणि तेवढंच घ्यायचं आहे. म्हणून आधी डोळा काय करतो ते सांगतो, मग आवाजाचं, आणि नंतर सराव कसा करायचा ते.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही. तो एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग सात-आठ अक्षरं पुढे उडी घेतो, परत थांबतो. जे काही दिसतं ते थांबलेला असताना. जॉर्ज मॅककॉन्की आणि कीथ रेनर या अमेरिकी संशोधकांनी १९७५ साली एक सुरेख प्रयोग केला. पडद्यावर वाचकाची नजर जिथे असेल तिथली काही अक्षरंच खरी ठेवायची, बाकी सगळी बिनअर्थाची करून टाकायची. नजर हलली की ही खिडकीही तिच्याबरोबर हलायची. या आणि पुढच्या प्रयोगांतून कळलं की सराईत इंग्रजी वाचकाला उजवीकडच्या चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतचा उपयोग होतो आणि डावीकडे फक्त तीन-चार अक्षरांचा. त्यातही शब्द नीट ओळखू येतो तो सात-आठ अक्षरांपर्यंतच. त्यापलीकडे शब्द केवढा आहे, कुठे संपतो, एवढाच अंदाज येतो.

आता हिशोब करा. मिनिटाला साधारण २४० वेळा डोळा थांबतो. एका थांब्यात एक शब्द आणि जोडीला एखादा छोटा शब्द मिळतो. काही उड्या मागेही जातात, चांगल्या वाचकाच्याही दहातली एखादी जाते. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी केली की मिनिटाला अडीचशेच्या आसपास शब्द येतात, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या सुशिक्षित माणसाचा वेगही माहितीपर मजकुराला तेवढाच असतो. मिनिटाला हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यात चार शब्द ओळखावे लागतील, आणि बुबुळाच्या समोरचा तेवढा भाग स्वच्छ दिसतच नाही. हजार शब्दांचा दावा करणारी माणसं मजकूर चाळतात. चाळणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याचा उपयोगही आहे, पण उताऱ्याखालचे प्रश्न त्यावर सुटत नाहीत.

मग नजरेचा आवाका वाढतच नाही का? वाढतो, आणि तुमच्या कामाची गोष्ट इथेच आहे. नवशिक्या वाचकाचा आवाका सराईतापेक्षा लहान असतो. त्याच सराईत वाचकाला अवघड मजकूर दिला की त्याचाही आवाका आकसतो. डोळा तोच असतो, पण समोरचा शब्द ओळखण्यातच सगळं लक्ष गेलं तर शेजारच्या शब्दाकडे द्यायला काही उरत नाही. म्हणजे आवाका बुबुळाच्या व्यायामाने वाढत नाही, शब्द ओळखीचे झाले की आपोआप वाढतो. पंचवीस चौकोनांत आकडे शोधण्याचे तक्ते काही क्लासमध्ये रोज करून घेतात. त्याने आकडे लवकर सापडायला लागतात. उतारा वाचायला त्याचा उपयोग झालेला मी माझ्या मुलांत पाहिलेला नाही, म्हणून तो वेळ मी वाचनालाच देतो.

आता आवाजाबद्दल. मनात बोलण्याचे तीन प्रकार मी वेगळे धरतो. पहिला, ओठ, जीभ किंवा गळा खरोखर हलणं. हा बंद करायचा, कारण तोंडाचा वेग मिनिटाला दीडशे शब्दांच्या फार पुढे जात नाही आणि तुम्ही त्या वेगाला बांधले जाता. दुसरा, शब्द मनातल्या मनात जोडून वाचणं. आपल्याकडे शाळेत 'बी यू टी, बट' असं स्पेलिंग घोकून घेतात. त्यातून अक्षर अक्षर उच्चारायची सवय लागते. देवनागरीत ते चालून जातं, कारण जसं लिहिलं तसंच म्हणायचं असतं. इंग्रजीत 'थ्रू', 'दो', 'इनफ' हे शब्द शेवटच्या त्याच चार अक्षरांनी लिहिलेले आणि तीन तऱ्हेने उच्चारलेले. तिथे मनातला आवाज थबकतो, डोळाही थबकतो. हा प्रकार मोडायचा. तिसरा म्हणजे वाक्याची चाल मनात हलकेच ऐकू येणं. हा ठेवायचा. वाचताना तोंडाने सतत एकच शब्द किंवा आकडे म्हणायला लावून केलेल्या प्रयोगांत सोपा अर्थ कळतो, पण वाक्यातली शब्दांची अदलाबदल लक्षात येत नाही, असं दिसलं आहे. कोण कुणाला काय म्हणालं हे लांब वाक्यात धरून ठेवायला तो हलका आवाज लागतो. म्हणून 'मनात एक-दोन-तीन म्हणत वाचा' हा सल्ला मी कुणाला देत नाही.

तुमचा अडथळा यातला कोणता, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. एखाद्या मराठी दैनिकाची बातमी घ्या, एक बोट ओठांवर आडवं ठेवा आणि वाचा. ओठ शांत राहिले आणि बातमी सरसर वाचून झाली, तर तुमचे डोळे आणि वाचायची सवय दोन्ही ठीक आहेत. मग बोट तसंच ठेवून इंग्रजी उतारा वाचा आणि ओठ कुठे हलतात तिथे पेन्सिलीने टिंब करा. बहुतेकांची टिंबं सगळीकडे पसरत नाहीत. ती उच्चार माहीत नसलेल्या शब्दांवर आणि 'हू', 'विच', 'दॅट' यांनी जोडलेल्या लांब वाक्यांवर गोळा होतात. मराठीतही ओठ हलत असतील तर मात्र आठवडाभर मराठीच ओठांवर बोट ठेवून वाचा, आधी तिथे सवय मोडा. आणि दूरचा फळा किंवा जवळची बारीक अक्षरं धूसर दिसत असतील तर सरावाआधी डोळे तपासून घ्या.

औसा तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो, कारण तिची सुरुवात जवळजवळ तुमच्यासारखी होती. बारावीपर्यंत मराठी माध्यम, लातूरला बी.कॉम., पुढे बँकेची परीक्षा. तिला परीक्षेच्या पातळीचा ३८४ शब्दांचा उतारा दिला. चार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ९६ शब्द, आणि दहापैकी सहा उत्तरं बरोबर. मग सोपा, ४१० शब्दांचा मजकूर दिला. त्याला तीन मिनिटं वीस सेकंद लागली, म्हणजे १२३. मराठी बातमी ती ओठ न हलवता भराभर वाचत होती. तोपर्यंत ती रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वेळ लावून वाचायची, कारण तसं सगळेच सांगतात. मी तो थांबवला. अग्रलेख शब्दसंग्रहासाठी, सावकाश, कोश जवळ ठेवून वाचावा. वेगाचा सराव त्यावर केला तर उलट शिक्षण होतं, कारण अवघड मजकुरात नजर आकसते आणि तीच आकसलेली नजर रोज पक्की होत जाते.

वेगासाठी मजकूर असा हवा की शंभर शब्दांत दोनपेक्षा जास्त शब्द अनोळखी नसावेत. तिच्यासाठी मी बालभारतीची इंग्रजी माध्यमाची सहावी-सातवीची भूगोल आणि इतिहासाची पुस्तकं निवडली. ती संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. त्यातला मजकूर तिने मराठीतून शाळेत शिकलेला होता. खारे वारे, मतलई वारे, शिवाजी महाराजांचा राज्यकारभार, हे सगळं ओळखीचं. विषय माहीत असला की पुढचा शब्द काय येणार याचा मनाला अंदाज असतो, आणि अंदाज असलेला शब्द डोळा कमी वेळात ओळखतो. मराठी माध्यमाच्या मुलांनी बालिश गोष्टींपेक्षा ही पुस्तकं घ्यावीत असं माझं ठाम मत आहे.

पहिले दोन आठवडे तिने घड्याळ लावलंच नाही. मोबाईलमधली मजकूर वाचून दाखवणारी सोय चालू करायची आणि तो आवाज ऐकत डोळ्यांनी मजकुरावरून जायचं, ओठांवर बोट ठेवून. रोज दोन पानं. मनातला आवाज कमी करायला आधी आवाज ऐकायचा हे विचित्र वाटेल, पण ज्या शब्दाचा उच्चार पक्का झाला तिथे मन अडखळत नाही, जोडणी करत बसत नाही, शब्द पाहिला की ओळखून पुढे जातं. आवाज जेवढा पक्का तेवढा तो हलका होतो. शिवाय आवाज पुढे जात राहिल्यामुळे ओठांना मध्ये घुसायला सवड मिळत नाही. पण हे दोन-तीन आठवड्यांपुरतंच. पुढेही तसंच चालू ठेवलं तर तुम्ही बोलण्याच्या वेगालाच अडकून राहाल.

नंतरचे चार आठवडे तिरप्या रेघांचे. हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. मजकुरात पेन्सिलीने अर्थाचे तुकडे पाडायचे. समजा वाक्य आहे: 'द फार्मर्स ऑफ मराठवाडा / हू डिपेंड ऑन द मान्सून / हॅव बिगन टु ग्रो सोयाबीन / इन्स्टेड ऑफ कॉटन.' सतरा शब्द, पण चार तुकडे. सुरुवातीला ती प्रत्येक शब्दाला सारखंच वजन द्यायची, 'ऑफ' आणि 'टु' यांनासुद्धा. सराईत वाचकाचा डोळा दोन-तीन अक्षरी शब्दांवर बहुतेक वेळा थांबतच नाही, आठ अक्षरी शब्दावर मात्र जवळजवळ नेहमी थांबतो. तुकड्याने वाचायचं म्हणजे तुकड्यावर एकदाच थांबायचं असं नाही. 'हॅव बिगन टु ग्रो सोयाबीन' यावर डोळा तीनदा थांबेल आणि थांबू द्यावा. फक्त अर्थ तुकड्याच्या शेवटी एकदा घ्यायचा, शब्दाशब्दाला नाही.

इथेच मराठी मनाची एक अडचण सुटते. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि विशेषण, वर्णन आधी. 'पावसावर अवलंबून असलेले मराठवाड्यातले शेतकरी कापसाऐवजी सोयाबीन घ्यायला लागले आहेत.' इंग्रजी वाक्याचं मनात असं मराठी करायचं तर ओळीच्या शेवटी जाऊन परत मागे यावं लागतं. ती मुलगी नेमकं तेच करत होती, म्हणून तिचे डोळे इतके मागे जायचे. उपाय असा की इंग्रजीच्या क्रमानेच अर्थ घ्यायचा: मराठवाड्यातले शेतकरी, ते पावसावर अवलंबून, आता घ्यायला लागलेत सोयाबीन, कापसाऐवजी. मराठी तुटक वाटेल, वाटू द्या. आठ-दहा दिवसांत मनातलं मराठी गळून पडायला लागतं आणि चित्र सरळ इंग्रजीतून उभं राहतं. तिच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक इथे पडला.

एकच तीन-चारशे शब्दांचा भाग त्या दिवशी तीनदा वाचायचा. पहिल्यांदा रेघा पाडत, घड्याळाशिवाय. दुसऱ्यांदा रेघांवरून, वेळ मोजून. तिसऱ्यांदा वाचून झालेल्या ओळी वरून पोस्टकार्डाने झाकत. झाकल्यामुळे मागे जाण्याची निव्वळ सवय मोडते. पण कार्ड फक्त या तिसऱ्या वाचनाला वापरायचं. नव्या मजकुरात काही वेळा मागे जाणं अर्थासाठीच असतं आणि ते अडवलं की समज कमी होते. मोबाईलवर एकेक शब्द चमकवणारी ॲप याच कारणाने मी वापरू देत नाही. त्यांत मागे जाता येत नाही आणि पुढचा शब्द नजरेच्या कडेला दिसण्याचा फायदाही जातो. आवाका वाढवायचा आणि शेजारचा शब्दच दाखवायचा नाही, हे जुळत नाही. कागदावर पेन फिरवायचा असेल तर तो ओळीच्या दुसऱ्या शब्दाखालून सुरू करून शेवटच्या शब्दाच्या अलीकडे उचला. कडेचे शब्द दिसतात, डोळा एरवीही अगदी टोकाला जाऊन थांबत नाही.

सातव्या आठवड्यापासून रोज एक नवा, न पाहिलेला भाग वेळ लावून. शब्द गुणिले साठ भागिले लागलेले सेकंद, हा झाला वेग. लगेच पुस्तक मिटून मराठीत चार-पाच वाक्यांत सांगायचं काय वाचलं, आणि मग दहा प्रश्न. प्रश्न मैत्रिणीने काढायचे, तिचे तुम्ही. दहापैकी सात किंवा आठ बरोबर आले तर वेग योग्य आहे. सलग तीन दिवस नऊ-दहा येत असतील तर थोडं पुढे जायला हरकत नाही. सहा किंवा कमी आले तर पुढच्या दिवशी वेग उतरवायचा.

आठव्या आठवड्यात ती ४६० शब्द दोन मिनिटांत वाचून आली, म्हणजे २३०, आणि फार खूश होती. उत्तरं पाच बरोबर. विषय काय हे तिला सांगता येत होतं, पण कुणी कुणाला विरोध केला, कोणती गोष्ट घडली नाही, हे सांगता येत नव्हतं. 'नॉट', 'हार्डली', 'अनलेस', 'ओन्ली' असे शब्द निसटले होते. वाचन चाळण्यावर उतरलं आहे हे ओळखायची हीच खूण: विषय सांगता येतो, विधान सांगता येत नाही. तुमचं व्हिडिओ पाहून जे झालं तेही हेच. मी तिला दोन आठवडे १६० वर आणलं आणि नकार व अट दाखवणारा प्रत्येक शब्द पेन्सिलीने गोल करायला लावला. तिथे मनातला आवाज मुद्दाम ऐकू द्यायचा. वाक्याचा अर्थ उलटवणाऱ्या शब्दावर थांबलेला वेळ वाया जात नाही.

तीन महिन्यांच्या शेवटी सोप्या नव्या मजकुरावर ती ४८० शब्द दोन मिनिटं चाळीस सेकंदांत वाचत होती, म्हणजे १८०, आठ उत्तरं बरोबर. परीक्षेच्या पातळीच्या ३९२ शब्दांच्या उताऱ्याला दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, म्हणजे १४०, आणि तिथेही आठ. सोप्यावरचा वेग आणि अवघडावरचा वेग यांत असं अंतर राहणारच. सोप्यावर वाढलेला वेग अवघडावर थोडा कमी होऊन उतरतो, हाच रस्ता आहे.

बँकेच्या बऱ्याच प्राथमिक परीक्षांत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं असतात. चारशे शब्दांचा उतारा ९६ च्या वेगाने चार मिनिटं दहा सेकंद खातो, १४० च्या वेगाने दोन मिनिटं पन्नास सेकंद. वाचले एक मिनिट वीस सेकंद. खरा फायदा त्याहून मोठा असतो, कारण पूर्वी ती प्रत्येक प्रश्नाला पूर्ण उतारा परत वाचायची, आता नेमक्या परिच्छेदाकडे जाते. म्हणून अडीचशेच्या मागे लागू नका. दीडशेच्या आसपास आठ उत्तरं बरोबर येत असतील तर पुढचा वेळ शब्दसंग्रहाला द्या, कारण अवघड उताऱ्यात तुम्हाला पुढे अडवतील ते अनोळखी शब्दच.

रोजचा वेळ पस्तीस-चाळीस मिनिटं पुरे, पण सलग एकाच बैठकीत, आणि शक्यतो कागदावर किंवा मोठ्या पडद्यावर. मोबाईलच्या अरुंद ओळीत तुकडे मध्येच तुटतात. परीक्षा संगणकावर असते, म्हणून शेवटचे तीन आठवडे उतारे संगणकावरच वाचा. तिथे पेन फिरवता येत नाही आणि रेघाही मारता येत नाहीत, तेव्हा तुकडे नजरेनेच पाडायची सवय आधीच झालेली हवी. उद्या पहिलं काम एवढंच करा: मराठी बातमी आणि इंग्रजी उतारा, ओठांवर बोट, आणि टिंबं. टिंबं उच्चारावर जास्त असतील तर ऐकत वाचण्याचा काळ तीन आठवडे ठेवा, लांब वाक्यांवर जास्त असतील तर एका आठवड्यातच रेघांकडे वळा.